लाकडी फ्लोअरिंगचं रेंडर: पट्टीचं माप, रेषा आणि सांध्यांची दिशा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांची आणि होमस्टेंची इंटिरिअर रेंडर करताना, म्हणजे संगणकावर त्यांची खरी वाटणारी चित्रं काढताना, डिझायनर, घरमालक आणि नव्याने हे काम शिकणारी मुलं जे प्रश्न परत परत विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणासाठी एकच खोली धरली आहे: रत्नागिरीतल्या एका घरातला साधारण दहा बाय चौदा फुटांचा हॉल. गिलाव्यानंतरचं त्याचं प्रत्यक्ष माप ३०९० × ४२७० मिमी. त्यात लाकडासारखी दिसणारी २०० × १२०० मिमीची व्हिट्रिफाइड लादी बसवायची आहे. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात ओल्या पायांनी वावर असलेल्या घरात लोक खऱ्या लाकडापेक्षा हीच लादी पसंत करतात, म्हणून तीच घेतली.

फ्लोअरिंग खोटं दिसतंय, पण नेमकं काय चुकलंय ते कळत नाही. कुठून बघायला सुरुवात करू?

दारापासून. दाराची रुंदी साधारण ९०० मिमी असते आणि दार केवढं असतं हे बघणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. लादी २०० मिमी रुंद असेल आणि पट्ट्या उंबरठ्याला काटकोनात जात असतील, तर दाराच्या रुंदीत साडेचार ओळी बसायला हव्यात. रेंडरमध्ये त्या मोजा. अडीचच भरल्या तर टेक्श्चर, म्हणजे जमिनीवर पसरवलेलं लाकडाचं चित्र, जवळपास दुप्पट मोठं आहे, नऊ भरल्या तर निम्म्यावर आलंय. पट्ट्या प्रमाणाबाहेर मोठ्या असल्या की खोली लहान वाटते, आणि फार बारीक असल्या की तोच दहा फुटी हॉल मंगल कार्यालयाएवढा भासतो. घरमालकाला कारण सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो, "काहीतरी बरोबर वाटत नाही."

माप जुळत असेल तर पुढची गोष्ट बघा: लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच धावतायत ना? फळी झाडाच्या खोडातून उभी चिरलेली असते, त्यामुळे रेषा लांबीलाच असतात. टेक्श्चर ९० अंशात फिरलं की रेषा आडव्या पडतात आणि ती फळी कुठल्याच झाडातून निघू शकत नाही. फ्लोअरिंगच्या रेंडरमधली ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे आणि ती सुताराच्या डोळ्यातून सुटत नाही.

रेंडर करणाऱ्याला "टीक वुडन फ्लोअरिंग" एवढंच लिहून पाठवलं तर चालत नाही का?

त्यातून रंगापलीकडे काहीच कळत नाही. लॅमिनेटची पट्टी साधारण १२१५ × १९५ मिमीची येते, दगडाची भुकटी मिसळलेल्या प्लास्टिकच्या एसपीसीची बरेचदा १२२० × १८० मिमीची, इंजिनिअर्ड लाकडाची १९०० × १९० मिमी किंवा त्याहून लांब. भरीव सागाच्या पट्ट्या तीन-चार इंच रुंद आणि लांबीला कमीजास्त असतात. या चारही "टीक" दिसू शकतात, पण जमिनीवरची जाळी प्रत्येकाची वेगळी. शिवाय लादीला ग्राउटने भरलेला सांधा असतो, तर लॅमिनेटला तो नसतो, फक्त कडेला बारीक चर असते. खोबणीत बसणाऱ्या पट्ट्यांमध्ये ग्राउटची रेघ दाखवली की ते लॅमिनेट राहत नाही, लादी होते.

आम्हाला अशी नोंद मिळाली तर विचारायला काही उरत नाही:

"हॉल: लाकडी दिसणारी व्हिट्रिफाइड लादी, २०० × १२०० मिमी, मॅट. सांधा २ मिमी, ग्राउट लाकडापेक्षा एक छटा गडद. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपासून ४०० मिमी सरकलेली. पट्ट्यांची लांबी पडवीच्या दारापासून माजघराच्या भिंतीकडे. ओळी खोलीच्या मधोमध धरून, दोन्ही बाजूंना सारखे कट."

प्लॅनवर एक बाण काढलात तर आणखी उत्तम. दिशा शब्दांत लिहिली की "लांबीला" म्हणजे खोलीच्या लांबीला की पट्टीच्या, असा घोळ होतो. बाणाने तो होत नाही.

टेक्श्चरचं खरं माप कसं काढायचं? फोटोवर तर ते लिहिलेलं नसतं.

फोटोतल्या पट्ट्या मोजून. समजा, आपल्याकडच्या चित्रात रुंदीच्या दिशेने १२ ओळी आहेत आणि लांबीच्या दिशेने २ पूर्ण लाद्या. सांध्यासकट एक लादी २०२ × १२०२ मिमी जागा घेते. म्हणजे पूर्ण चित्राचं जमिनीवरचं माप रुंदीला १२ × २०२ = २४२४ मिमी आणि लांबीला २ × १२०२ = २४०४ मिमी. हेच दोन आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायचे. नजरेने मोठं-लहान करत बसायची गरज उरत नाही.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. ओळी ४०० मिमीने सरकत असतील तर नक्षी दर तीन ओळींनी परत सुरू होते, म्हणून चित्रातल्या ओळींची संख्या तीनच्या पटीत हवी. दहा ओळींचं चित्र पसरवलंत तर दोन मीटरवर एके ठिकाणी सांधे उडी मारतात, आणि तीच उडी पुढे ठरावीक अंतराने येत राहते. १२ ओळी घेतल्या की हा प्रश्न येत नाही.

दुसरी गोष्ट चित्राच्या पिक्सेलची. ४०९६ पिक्सेलचं चित्र २४२४ मिमीवर पसरलं की एका मिलिमीटरला साधारण १.७ पिक्सेल मिळतात, म्हणजे २ मिमीचा सांधा तीनेक पिक्सेलचा होतो आणि स्वच्छ दिसतो. तेच चित्र १०२४ पिक्सेलचं असेल तर सांध्याच्या वाट्याला एक पिक्सेलही धड येत नाही. सांधे कुठे दिसतात, कुठे विरतात. मग कुणीतरी ते दिसावेत म्हणून गडद करतं, आणि जमिनीवर काळ्या रेघांची जाळी उमटते.

हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये कुठे भरायचे?

स्केचअपमध्ये मटेरियल एडिट करताना चित्राच्या रुंदी-उंचीच्या चौकटी असतात, तिथे. आपली दोन मापं सारखी नाहीत, म्हणून साखळीचं चिन्ह आधी सोडवा, नाहीतर एक आकडा बदलला की दुसरा आपोआप बदलतो. दिशा फिरवायची तर फेसवर राइट-क्लिक करून `Texture > Position`. हा पर्याय दिसत नसेल तर बहुधा रंग आतल्या फेसला न लागता बाहेरच्या ग्रुपला लागलाय.

थ्रीडीएस मॅक्समध्ये `UVW Map` मध्ये `Real-World Map Size` ची आणि बिटमॅपमध्ये `Use Real-World Scale` ची, अशी दोन्हीकडे खूण हवी. एकीकडेच केली तर टेक्श्चर भलत्याच मापाचं होतं.

ब्लेंडरमध्ये ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट वापरत असाल आणि एक युनिट म्हणजे एक मीटर असेल, तर `Mapping` नोडमध्ये:

```
Scale X = 1 / 2.424 = 0.4125
Scale Y = 1 / 2.404 = 0.4160
```

त्याआधी जमिनीच्या ऑब्जेक्टचं स्केल `Ctrl+A` ने लागू करा. प्लेन ताणून खोलीएवढं केलं आणि स्केल तसंच ठेवलं, तर लाकूडही त्याच्याबरोबर ताणलं जातं.

पट्टीचं माप अगदी बरोबर आहे, तरी लाकूड विचित्र का दिसतं?

कारण पट्टीचं माप आणि रेषांचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टेक्श्चर ताणताना त्या एकत्र ताणल्या जातात. समजा, मूळ फोटो १२० मिमी रुंद फळ्यांचा होता. तुम्ही तो ताणून प्रत्येक फळी २०० मिमीची केलीत. सांध्यांची जाळी बरोबर बसली, पण आतलं लाकूड पावणेदोन पटीच्या आसपास फुगलं. जिथे दोन रेषांमध्ये ३ मिमी अंतर होतं तिथे ५ झालं, करंगळीच्या नखाएवढी गाठ अंगठ्याच्या नखाएवढी झाली.

सागात हे लगेच पकडता येतं. सागाच्या फळीवर बारीक, गडद, तुटक रेघा दिसतात. त्या लाकडाच्या नळ्या लांबीत चिरल्या गेल्याच्या खुणा असतात. जवळून त्या दिसतात आणि दोन पावलं मागे गेलं की एकमेकींत मिसळतात. रेंडरमध्ये सोफ्यापलीकडच्या पट्ट्यांवरही त्या एकेक मोजता येत असतील, तर लाकूड फुगलेलं आहे. फळीच्या मधोमध येणारी कमानीसारखी रेषाही बघा. रुंद फळीत अशी एखादी मोठी कमान आणि कडेला सरळ रेषा असं दिसतं. अरुंद पट्टीत बरेचदा कमानीचा तुकडाच येतो. २०० मिमीच्या पट्टीत मध्यभागी नुसता ताणलेला तुकडाच दिसला, तर ते अरुंद पट्टीचं चित्र आहे.

उपाय एकच: ज्या रुंदीची पट्टी हवी, त्याच्या जवळपासच्या रुंदीच्या फळ्यांचा फोटो घ्या. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे खपून जातं. त्याहून जास्त ताणायची वेळ आली तर सांधे आणि लाकूड वेगळे करा. लाकडाचा अखंड फोटो त्याच्या मूळ मापात ठेवा आणि पट्ट्यांचे कट वरून द्या.

सांधे किती मागेपुढे ठेवायचे? निम्म्यावर दाखवले तर नक्षी नीटनेटकी दिसते.

दिसते, पण लांब लादीला ती बसवून घेऊ नये. भट्टीतून निघालेली लांब लादी अगदी सपाट नसते, मधे किंचित फुगलेली असते. अर्ध्यावर सांधा ठेवला की एका लादीचा सर्वांत उंच भाग शेजारच्या लादीच्या सर्वांत खालच्या टोकाला लागतो आणि पायाला कंगोरा जाणवतो. म्हणून लांब लाद्यांना जास्तीत जास्त एक तृतीयांश सरकवायचा नियम आहे. १२०० मिमीच्या लादीला तो ४०० मिमी होतो. लादी बसवणारा जाणकार असेल तर तो तसंच करणार, आणि मग रेंडर व प्रत्यक्षातली जमीन वेगळी दिसणार.

आपल्या हॉलमध्ये हे असं बसतं. लांबी ४२७० मिमी. पहिल्या ओळीत तीन पूर्ण लाद्या आणि शेवटी ६६४ मिमीचा तुकडा. दुसरी ओळ ८०० मिमीच्या तुकड्याने सुरू होते, दोन पूर्ण लाद्यांनंतर १०६४ चा तुकडा लागतो. तिसरी ४०० ने सुरू होते, तीन पूर्ण लाद्या आणि शेवटी २६२ मिमी. चौथी परत पहिलीसारखी. यातून जमिनीवर एक तिरकी पायरी तयार होते, आणि ती प्रत्यक्षातही तशीच दिसते. ती नको असेल तर एक ओळ ४०० पुढे, पुढची परत मागे, असा नागमोडी क्रम ठेवता येतो. बारा ओळींचं चित्र दोन्हीला चालतं, कारण बारा दोननेही भागतात आणि तीननेही.

रुंदीचा हिशेबही करायला हवा. ३०९० मिमीत १५ पूर्ण ओळी बसतात आणि भिंतीलगत ६० मिमीची चिंधी उरते. रेंडरमध्ये टेक्श्चर कोपऱ्यापासून सुरू केलं की ही चिंधी टीव्हीच्या भिंतीखाली उभी राहते आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. एक पूर्ण ओळ कमी करून १४ ठेवल्या तर दोन्ही बाजूंना १३० मिमीचे सारखे कट येतात. टेक्श्चर तेवढं सरकवा आणि तीच सुरुवातीची रेघ लादीवाल्याच्या ड्रॉइंगवर द्या.

लॅमिनेट किंवा एसपीसीला ही शिस्त नसते. तिथे आधीच्या ओळीचा उरलेला तुकडा पुढच्या ओळीला लावतात, म्हणून सांधे अनियमित पडतात. फक्त शेजारच्या ओळींचे सांधे साधारण ३०० मिमीपेक्षा जवळ येऊ देत नाहीत.

पट्ट्या कुठल्या दिशेने टाकायच्या?

हे रेंडर करणाऱ्याने ठरवू नये. कॅमेऱ्यापासून दूर जाणाऱ्या पट्ट्यांनी चित्र खोलवर गेल्यासारखं दिसतं, म्हणून पट्ट्या तशा फिरवायचा मोह होतो. पण दिशा जागेवरून ठरते: खोलीची लांब बाजू, ये-जा कुठून कुठे आहे आणि मुख्य उजेड कुठून येतो.

कोकणातल्या घरांत उजेडाचा मुद्दा मोठा आहे. पडवीच्या छपरामुळे वरचा उजेड अडतो आणि दारातून येणारा उजेड जमिनीला घासत आत शिरतो. त्याच्या दिशेनेच पट्ट्या टाकल्या तर लांब सांधे जवळजवळ दिसत नाहीत. आडव्या टाकल्या तर प्रत्येक सांध्याची कड सावली धरते, आणि लाद्या किंचित वरखाली बसल्या असतील तर तेही उघडं पडतं. आपल्या हॉलमध्ये पडवीचं दार लहान भिंतीत आहे, म्हणून उजेड आणि खोलीची लांबी एकाच दिशेला येतात आणि निर्णय सोपा होतो. दार लांब भिंतीत असेल तर आम्ही दोन्ही दिशांचे साधे रेंडर काढून घरमालकाला दाखवतो. बहुतेक वेळा उजेडाची बाजू जिंकते, आणि माझंही मत तेच आहे.

जुन्या माडीची लाकडी जमीन दाखवायची आहे. तिथेही हेच नियम का?

नाही. माडीच्या फळ्या तुळयांवर ठोकलेल्या असतात, त्यामुळे दिशा निवडायला मिळतच नाही. फळ्या तुळयांना काटकोनातच जातात. दोन फळ्यांची टोकं जिथे जुळतात तो सांधाही तुळईवरच यावा लागतो, नाहीतर टोक अधांतरी राहून पायाखाली दबेल. तुळयांमधलं अंतर ६०० मिमी असेल तर आडवे सांधे ६०० च्या पटीतच पडणार, आणि त्याच रेषेत खिळ्यांच्या डोक्यांची ओळ भिंतीपासून भिंतीपर्यंत दिसणार. रेंडरमध्ये सांधे कुठेही विखुरले तर खालून तुळया दिसणाऱ्या त्या घरात ते साफ चुकीचं ठरतं.

फळ्यांची रुंदीही एकसारखी नसते. खोड जेवढं तेवढी फळी. आठ इंचांच्या शेजारी अकरा इंचांची आणि भिंतीलगत एखादी निमुळती. लाकूडही सगळं साग असेलच असं नाही, फणस आणि ऐनही सापडतो. अशा माडीला तयार टेक्श्चर लावूच नये. वर जाऊन प्रत्येक फळीची रुंदी टेपने मोजावी आणि फळ्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कराव्यात.

हेरिंगबोन नक्षीत वेगळं काय?

या नक्षीत तुकडे एकमेकांना काटकोनात, माशाच्या काट्यासारखे बसतात, म्हणून प्रत्येक तुकड्याची रेष त्या तुकड्याच्या लांबीला हवी. पूर्ण जमिनीवर एकच लाकूड पसरवून वर नक्षीच्या रेघा काढल्या, तर निम्म्या तुकड्यांत रेष आडवी जाते. तुकडे वेगळे करून प्रत्येकाचं टेक्श्चर फिरवावंच लागतं.

एकच गाठ जमिनीवर पाच ठिकाणी दिसते. ती पुसून टाकू का?

लादी असेल तर थांबा. लादीवरचं लाकूड छापलेलं असतं आणि एका डिझाइनचे मोजकेच वेगवेगळे छाप असतात. त्यामुळे प्रत्यक्षातही तीच गाठ हॉलमध्ये चार-पाच वेळा येते. किती छाप आहेत ते दुकानदाराला विचारा आणि तेवढेच वापरा. ते जवळजवळ येऊ नयेत, आणि काही लाद्या १८० अंशात फिरवलेल्या असाव्यात, जसं चांगला लादीवाला करतो. खऱ्या लाकडात मात्र एक गाठ दोनदा येऊच शकत नाही, तिथे ती काढलीच पाहिजे.

कॅमेरा वाइड ठेवला की पुढच्या पट्ट्या प्रचंड दिसतात. टेक्श्चर लहान करू?

नको. तो लेन्सचा परिणाम आहे. टेक्श्चर लहान केलंत तर मागच्या पट्ट्या चुकतात आणि दाराखालची मोजणी बिघडते. लेन्स २४ मिमीच्या आसपास आणा, कॅमेरा थोडा मागे घ्या, किंवा पुढचा रिकामा भाग गालिच्याने आणि टीपॉयने भरा.

दुकानातल्या नमुन्याचा फोटो पाठवला तर त्यावरून टेक्श्चर होईल का?

होईल, फोटो नीट काढला तर. लादी जमिनीवर ठेवा, शेजारी लांबीला टेप उघडा ठेवा आणि बरोबर वरून फोटो घ्या. तिरका काढला की एक टोक रुंद, दुसरं अरुंद येतं. फ्लॅश बंद ठेवा, पण लादी उन्हातही नको. दुकानाच्या दाराजवळच्या सावलीतला उजेड चांगला. एका लादीने काम भागत नाही, निदान तीन-चार वेगळ्या छापांचे फोटो हवेत. मागचा शिक्का आणि खोक्यावरचं मापही टिपून पाठवा, कारण खोक्यावर २०० × १२०० लिहिलेली लादी प्रत्यक्षात दोन-तीन मिमी लहान निघू शकते.

रेंडर मंजूर झालं आणि मग लादी बदलली. नुसतं माप बदलून चालेल?

समजा, २०० × १२०० ऐवजी १५० × ९०० मिमीची लादी आली. मग एक लादी सांध्यासकट १५२ × ९०२ मिमीची होते आणि दाराखाली साडेचारऐवजी सुमारे सहा ओळी भरतात. रुंदीत २० पूर्ण ओळी बसून ५० मिमी उरतात, म्हणून १९ पूर्ण ओळी आणि दोन्ही बाजूंना १०० मिमीचे कट. ओळ ३०० मिमीने सरकेल. टेक्श्चरसाठी १८ ओळी आणि लांबीला ३ लाद्या घेतल्या तर चित्र २७३६ × २७०६ मिमीचं होतं. जुनं चित्र आक्रसून वापरू नका, त्यातल्या रेषा पाऊणपट बारीक होतील. नव्या लादीचे फोटो मागवा आणि सुरुवातीची रेघ बदलल्याचं लादीवाल्याला त्याच दिवशी कळवा, कारण त्याच्याकडे अजून १३० मिमीच्या कटाचं ड्रॉइंग असतं.